परिशिष्ट क

सरकारी कचेरीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे बाईंचं टेबल होतं. वर जाणाऱ्या माणसांची पावलं डोक्यावरून धडधडत जायची आणि पावलांवरूनच बाईंना कळायचं, की कोण उशिरा आलंय, कोणाचं काम झालंय आणि कोण नुसतंच हेलपाटा मारून परत निघालंय. बावीस वर्षं झाली होती. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला, त्याच्या शेजारी दम लागल्यासारखा घरघरणारा प्रिंटर आला. बाई तशाच होत्या. सकाळी टेबल पुसायचं, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि मगच पहिलं बटण दाबायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तेवढा वेळ त्याला थांबावं लागे.

बाई सगळेच अर्ज टाइप करायच्या, पण माहिती अधिकाराच्या अर्जात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. तावातावाने आलेल्या माणसाला त्या हळू आवाजात समजावायच्या, "‘का’ विचारायचं नाही. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधलेले नाहीत. ‘प्रत द्या’ म्हणायचं. कागद असेल तर तो द्यावा लागतो. आणि एका अर्जात एकच विषय, नाहीतर त्याच कारणावरून परत पाठवतील." अर्ज छापून झाला की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "वाचा, मग सही करा. मी टाइप केलंय म्हणून डोळे झाकून करू नका."

त्यांची लेक याच कचेरीत लागली, तेव्हा बाईंनी जिन्याखाली बसणाऱ्या आणि जिन्यावरून उतरणाऱ्या झाडून सगळ्यांचं तोंड गोड केलं. पाच वर्षांची असताना एका तापात लेकीचे पाय गेले होते. त्यानंतरचं सगळं आयुष्य तिने चाकांच्या खुर्चीत काढलं. शाळा, कॉलेज आणि चार वेळा दिलेली नोकरीची परीक्षासुद्धा. चौथ्या वेळी यादीत नाव आलं. नेमणूक झाली अभिलेख विभागात. जुन्या फायली ओळीत लावायच्या, मागणी आली की काढून द्यायच्या. काम लेकीच्या स्वभावाला धरून होतं; घरातल्या डाळीतांदळाच्या डब्यांनाही तिने नंबर घातले होते.

एकच गोष्ट आड आली. अभिलेख विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

पहिल्या दिवशी चार शिपायांनी तिला खुर्चीसकट उचललं. "चला नवीन मॅडम, आज तुमची मिरवणूक!" असं म्हणत त्यांच्यातला सर्वांत उंच, ज्याला सगळी कचेरी लंबू म्हणायची, तो पुढे झाला. पहिला मजला हसतखेळत पार पडला. दुसऱ्या वळणावर मागच्याचा पाय घसरला, खुर्ची कलली, आणि लेक कठडा धरून लोंबकळली. खाली टेबलाशी बसलेल्या बाईंना डोक्यावर नुसता गलका ऐकू आला. पडली नाही, लागलंही नाही फारसं. हजेरीपटावर सही झाली, संध्याकाळी चौघांनी तिला पुन्हा तसंच खाली आणलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मी उद्यापासून अशी जाणार नाही."

"अगं, चार दिवस. मग काहीतरी सोय—"

"मी कपाट नाहीये. कपाटालासुद्धा वर न्यायच्या आधी दोरी बांधतात."

तिने तळमजल्यावर जागा मागणारा अर्ज दिला. साहेबांचं उत्तर आठवडाभरात आलं. तळमजल्यावर आवक-जावक आणि लोकांच्या खिडक्या आहेत, तिच्या पदाची खुर्ची तिथे नाही. शिवाय या इमारतीची सुगमता तपासणी झालेली असून अहवालानुसार इमारत अपंग व्यक्तींसाठी सुगम आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. कृपा एवढीच, की नव्वद दिवसांची बिनपगारी रजा मंजूर केली होती. रजा संपली की कामाच्या पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या जागेवर हजर व्हायचं. नाही झाली, तर ती अजून परिविक्षेवर, म्हणजे पारखून घेण्याच्या काळात असल्यामुळे, नेमणूक रद्द.

लेकीने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "सुगम म्हणे! कोणी केली ही तपासणी? पक्ष्यांनी?"

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात अर्जाची जुळणी सुरूही झाली होती. साहेब त्या अहवालावर उभे आहेत ना, मग तो अहवालच हातात घ्यायचा. त्यात काय खोटं लिहिलंय ते दाखवायचं. खोटं उघड झालं की साहेबांच्या पायाखाली काही उरणार नाही, आणि लेकीला तळमजल्यावर टेबल द्यावं लागेल. परिविक्षेवरच्या माणसाने आपल्याच कचेरीला प्रश्न विचारलेले बरे दिसत नाहीत, म्हणून अर्जदार म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

दोन विषय, म्हणून दोन अर्ज. पहिल्यात या इमारतीच्या सुगमता तपासणीच्या अहवालाची सर्व परिशिष्टांसह प्रत. दुसऱ्यात या इमारतीत लिफ्ट बसवण्याबाबतच्या प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेच्या आदेशांच्या आणि त्या फायलीवरच्या टिपणीच्या प्रती. लिफ्टचं काहीतरी मंजूर झाल्याचं त्यांनी मागे जिन्यावरच्या बोलण्यातून ऐकलं होतं, त्यावर हा दुसरा अर्ज. दोन्हींवर फीची तिकिटं चिकटवली, आवक खिडकीवर पोच घेतली, पोचेवरचा शिक्का नीट उमटलाय का ते उजेडाकडे धरून पाहिलं.

या कचेरीचे माहिती अधिकारी म्हणजे हेडक्लार्कच होते. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. कुणी जांभई दिली तरी ती कोणत्या नियमात बसते हे सांगू शकणारा माणूस. बाईंची आणि त्यांची बावीस वर्षांची ओळख. बाईंनी टाइप केलेला अर्ज समोर आला की ते वर बसल्याबसल्या कपाळाला हात लावत आणि खाली उतरताना मुद्दाम टेबलाशी थांबून म्हणत, "बाई, तुमच्या अर्जात आम्हाला पळायला वाट नसते. जरा फट ठेवत चला."

या वेळी मात्र ते दोन दिवस टेबलाशी थांबलेच नाहीत. जिन्यावरून उतरताना त्यांची पावलं बाईंच्या डोक्यावर क्षणभर मंद होत, आणि मग भराभर पुढे जात.

पाचव्या दिवशी पत्र आलं, की लिफ्टच्या मान्यतेची कागदपत्रं बांधकाम विभागाच्या ताब्यात असल्याने दुसरा अर्ज तिकडे वर्ग केला आहे. हे नियमाला धरूनच होतं. बाई लेकीला म्हणाल्या, "पाच दिवसांत वर्ग करायचा असतो, पाचव्याच दिवशी केलाय बघ. माणूस सरळ आहे."

"सरळ आहे, म्हणजे आपल्या बाजूचा आहे असं नव्हे," लेक म्हणाली. तिने भिंतीवर कागद लावून नव्वद चौकोन आखले होते आणि रोज एक काळा करत होती.

तीस दिवस म्हणजे तीस दिवस. मधे पानांची फी भरण्याचं पत्र आलं, बाईंनी ती त्याच दिवशी भरली. फीचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बत्तिसाव्या चौकोनाच्या दिवशी लंबू एक जाड लिफाफा घेऊन खाली आला.

"नियमकाकांनी पाठवलंय. म्हणाले, हातात द्या. आणि म्हणाले," तो जरा चाचरला, "की जेवढं दिलंय तेवढ्यात भागवा म्हणावं."

आत अकरा पानांचा अहवाल होता. मुख्य प्रवेशाचा उतार, म्हणजे एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी: आहे. दरवाज्यांची रुंदी: पुरेशी. तळमजल्यावरचं स्वच्छतागृह, आत खुर्ची वळेल एवढी जागा आणि भिंतीला धरायची दांडी: आहे. बाईंनी मान डोलावली. हे खरंच होतं, लेक ते वापरायची. मग आठवं पान. लिफ्ट. पुढे तीन रकाने होते, ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘लागू नाही’. खूण ‘लागू नाही’ वर होती. शेऱ्यात लिहिलं होतं, "लोकांशी संबंधित सर्व सेवा तळमजल्यावर. वरच्या मजल्यांवर अपंग कर्मचारी नाही. वापरकर्त्याचे मत: परिशिष्ट क पहावे."

परिशिष्ट क जोडलेलं नव्हतं. सोबतच्या पत्रात नकाराचं कलम होतं: सदर परिशिष्टात तिसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. खाली अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, तेही चोख लिहिलेलं होतं.

"कर्मचारी नाही हे तेव्हाचं," लेक म्हणाली. तिचे डोळे चमकले होते. "आता मी आहे! एवढ्यावरच भांडता येईल ना?"

"ते म्हणतील, वापरकर्त्याने सांगितलंय. हा वापरकर्ता कोण ते काढायला हवं. माणूसच नसेल बघ, कागदावर उभा केला असेल. तसं निघालं तर अहवालच रद्द."

चार-पाच दिवसांनी बांधकाम विभागाचं उत्तर आलं आणि बाईंचा संशय पक्का झाला. लिफ्टला प्रशासकीय मान्यता मिळाली होती, म्हणजे ती करायची हे ठरलं होतं. पुढची तांत्रिक मान्यता, जिथे नकाशे आणि मापं तपासतात, तीही तयार होत आली होती. आणि मग एक छोटा, पाच ओळींचा आदेश. "सुगमता तपासणी अहवालातील परिशिष्ट क विचारात घेता सदर इमारतीत लिफ्टची आवश्यकता दिसून येत नाही. सबब मान्यता रद्द करण्यात येत आहे."

म्हणजे लिफ्ट येणार होती. नकाशात तिची जागाही आखली होती. बाईंचं टेबल होतं त्याच भिंतीच्या पलीकडे. आणि एका पानाने ती गेली.

बाई सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडल्या. संध्याकाळी नियमकाका उतरताना त्या उठून उभ्या राहिल्या.

"काका, परिशिष्ट क मध्ये कोण आहे?"

"तिसरी व्यक्ती आहे."

"खोटी आहे?"

नियमकाकांनी आजूबाजूला पाहिलं. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाई, मी तुम्हाला आजवर कधी काही सांगितलंय? नाही ना? आज सांगतो. ते पान मागू नका."

"आमच्या पोरीची नोकरी आहे काका."

"म्हणूनच सांगतो. पोरगी नवीन कर्मचारी आहे या मुद्द्यावर लढा. फेरतपासणी मागा. मी स्वतः चांगली टिपणी घालतो. ते पान सोडा."

"तुम्ही कुणाला तरी वाचवताय," बाई हळूच म्हणाल्या.

नियमकाकांनी छत्री काखेत मारली आणि ते निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी प्रथम अपील दाखल केलं. आयुष्यात इतकं चांगलं अपील त्यांनी कुणासाठी टाइप केलं नव्हतं. सार्वजनिक इमारतीच्या तपासणीतलं मत हे सार्वजनिक कामातलं आहे. ज्या मतावरून सरकारी मान्यता रद्द झाली, ते जाणून घेण्यात लोकांचं हित आहे. वैयक्तिक असा भाग, जसं पत्ता किंवा फोन, झाकून उरलेलं देता येतं. लेकीने वाचलं आणि शीळ घातली. "आई, तू साहेब असायला हवी होतीस."

"साहेब झाले असते तर जिने चढावे लागले असते. गुडघे कुठायत?"

त्या दिवशी दोघी खूप हसल्या. भिंतीवरचे निम्मे चौकोन अजून पांढरे होते.

पण अपिलाची तारीख लागायला चार आठवडे गेले. या चार आठवड्यांत करण्यासारखं काहीच नव्हतं. बाई इतरांचे अर्ज टाइप करत राहिल्या. लेकीने घरातले डबे पुन्हा नव्या क्रमाने लावले, मग कपडे, मग जुनी बिलं. आणि लावायला काही उरलं नाही तेव्हा ती खिडकीशी नुसती बसू लागली. रोज एक चौकोन काळा व्हायचा. बाई मनातल्या मनात देवाला म्हणत, तुला सगळं दिसतंच आहे, मी वेगळं काय सांगू. पण सांगत राहत.

सहासष्टाव्या दिवशी बाई गुडघ्यावर हात ठेवत दुसऱ्या मजल्यावर चढल्या. अपील ऐकणारे अधिकारी नियमकाकांपेक्षा वरचे, पण वयाने लहान होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. नियमकाका आपली बाजू मांडताना टेबलाकडे पाहून बोलत होते. "तिसऱ्या व्यक्तीला त्रास होऊ नये एवढाच हेतू होता, साहेब."

"त्या व्यक्तीला तुम्ही नोटीस देऊन विचारलंत का?"

"नाही, साहेब."

"मग हा मुद्दा टिकत नाही. पत्ता झाकून पान सात दिवसांत, विनाशुल्क द्या." मग ते बाईंकडे वळले. "तुमचा अर्ज फार मुद्देसूद आहे. कोणी लिहून दिला?"

"मीच लिहिते, साहेब. खाली जिन्याखाली."

जिना उतरताना बाईंचे गुडघे दुखले नाहीत.

सातव्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, पान आलं. लंबूच्या हाती नव्हे. नियमकाका स्वतः घेऊन आले. टेबलावर ठेवलं, आणि पोचेवर सही घ्यायचीही घाई न करता बाजूला उभे राहिले.

परिशिष्ट क. वापरकर्त्याचे मत. वापरकर्त्याच्या नावापुढे लेकीचं पूर्ण नाव होतं. अपंगत्वाचा प्रकार: चाकांची खुर्ची. मत: "तळमजल्यावरील सोयी समाधानकारक. वरच्या मजल्यावर जाण्याची आवश्यकता नाही." खाली सही. सहीच्या आधी ‘करिता’ असं लिहिलेलं, आणि मग बाईंची स्वतःची, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरातली सही.

बाईंनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक तरुण इंजिनियर आला होता, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात मोजायची पट्टी. बाईंच्या टेबलाशी वाकून तो म्हणाला होता, "मावशी, तुमची मुलगी खुर्चीत असते ना? मला एक वापरकर्ता लागतोय. लिफ्टचंच काम आहे." लिफ्ट म्हटल्यावर बाईंना भरून आलं होतं. तेव्हा लेक परीक्षेचा अभ्यास करत होती, तिसऱ्या वेळची. "तिला इथे काही अडचण येते का?" त्याने विचारलं. आणि बाई म्हणाल्या होत्या, "नाही हो, खालचं सगळं छान केलंय तुम्ही. ती कधीमधी येते, इथे माझ्यापाशीच बसते. वर कशाला जाईल, वर तिचं काय काम?" पोराने भराभर लिहिलं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, एकाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. "इथे सही करा मावशी, मुलीच्या वतीने." बाईंनी केली होती. कागद वाचला नव्हता. उलट त्याला थांबवून पाणी दिलं होतं.

"मला पहिल्याच दिवशी फाइलमध्ये दिसलं," नियमकाका म्हणाले. "कलम ओढूनताणून लावलं. माझ्या नोकरीत पहिल्यांदा. मला काय माहीत, तुम्ही अपिलात माझीच कातडी सोलाल."

"तुम्ही सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं? कसं?"

बाईंनी पोच ओढून घेतली आणि सही केली. ती घेऊन नियमकाका वर गेले. एक माणूस आला, अर्ज टाइप करायचा होता. बाईंनी करून दिला. "वाचून घ्या," असं न म्हणताच कागद पुढे सरकवला. माणसाने न वाचताच सही केली आणि तो गेला.

घरी पान दाखवायचं की नाही, यावर बाईंनी वाटभर विचार केला. पण घरात शिरल्याबरोबर लेकीने हात पुढे केला. "आलं ना? दे."

तिने वाचलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, चपलासुद्धा काढल्या नाहीत. लेकीने पुन्हा वाचलं. मग पान मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं.

"केस तू विंचरतेस," ती म्हणाली, आवाज अगदी साधा होता. "बँकेत माझ्याऐवजी तू बोलतेस. डॉक्टर मला विचारतो, तूच सांगतेस. सवय झाली मला. पण हे?"

"लिफ्टसाठी आहे म्हणाला तो. मला वाटलं, आपल्यामुळे लवकर होईल."

"मला फोन करायचा होतास."

"तू अभ्यास करत होतीस, बाळ."

"कशाचा अभ्यास करत होते, आई? याच नोकरीचा ना? आणि तू खाली सांगत होतीस, की वर तिचं काय काम!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना म्हणायचं होतं, की तू पास होशील यावर माझा विश्वास होता, रोज त्यासाठी तर हात जोडत होते. पण ते खरं असतं तर जीभ तसं कशी बोलली? त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. देवाकडे नोकरी मागितली होती. पण वर गेलेली लेक डोळ्यांसमोर कधी आलीच नव्हती. आली होती ती नेहमी टेबलाशेजारी, जिन्याखाली.

लेकीने खुर्ची वळवली आणि भिंतीवरचा त्र्याहत्तरावा चौकोन काळा केला. त्या रात्री तिने स्वतःचे केस स्वतः विंचरले. मागचे नीट निघाले नाहीत, तसेच बांधले.

सकाळी ती म्हणाली, "निवेदन मी टाइप करणार. तू फक्त तुझ्यापुरतं सांग, काय झालं ते." आणि तिने एकेक प्रश्न विचारत आईचा जबाब घेतला: तो कधी आला, काय म्हणाला, कागद वाचला का, मुलगी त्या दिवशी इमारतीत होती का. "वाचला नाही" हे बाईंनी सांगितलं तेव्हा तिची बोटं क्षणभर थांबली, मग तिने ते तसंच टाइप केलं. खाली दोन सह्या झाल्या. बाईंनी आपली करताना आधी सगळं वाचलं. त्यात लेकीने लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकही मऊ नव्हता.

मागणी एकच होती. परिशिष्ट क मधलं मत माझं नाही. मला कुणी विचारलेलं नाही. अहवाल दुरुस्त होईपर्यंत मला तळमजल्यावर बसून काम करू द्यावं.

नियमकाकांनी शब्द पाळला. त्यांनी निवेदनावर चांगली टिपणी घातली, ती साहेबांपर्यंत नेली. साहेबांनी बाईंना वर बोलावलं आणि बसायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता.

"बाई, मी समजतो. पण माझ्यासमोर कागद काय आहे? तपासणी झाली, वापरकर्त्याच्या आईने सही दिली, मान्यता रद्द झाली. आता तीच आई म्हणते वाचलं नव्हतं. मी कोणतं खरं धरू?"

"आत्ताचं धरा, साहेब."

"मी धरेन हो, वरचे नाही धरणार. फेरतपासणीचा प्रस्ताव पाठवलाय. पुढच्या वर्षीच्या यादीत बसेल. तोवर अहवाल आहे तो आहे. आणि तुमच्या अर्जाने सुटण्यासारखं यात काही नाही. माहिती मागितलीत, ती मिळाली. त्या कायद्याचं काम तिथे संपतं."

बाईंना हे ठाऊक होतं. हेच वाक्य त्यांनी बावीस वर्षांत कितीतरी जणांना टेबलापलीकडून सांगितलं होतं; कागद मिळेल, पुढचं तुम्हालाच लढावं लागेल. वर आयोगाकडे दुसरं अपील असतं, पण ते माहिती न मिळालेल्यांसाठी. इथे तर सगळीच मिळाली होती.

"चौघं उचलायला तयार आहेत," साहेब म्हणाले. "लंबू म्हणाला, या वेळी पट्टे बांधू."

बाईंनी हे लेकीला सांगितलं नाही. मग वाटलं, पुन्हा तिच्या वतीने आपणच ठरवतोय, आणि सांगितलं. लेक म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. नाही."

नव्वदावा चौकोन काळा झाला तो शुक्रवार होता. सोमवारी सकाळी लेक इस्त्रीचे कपडे घालून तयार झाली. बाईंनी विचारलं नाही, कुठे. दोघी बरोबर निघाल्या. उतारावरून खुर्ची सहज वर चढली. खालचं सगळं खरंच छान होतं. जिन्याच्या पायथ्याशी येऊन लेकीने खुर्चीचा ब्रेक लावला. दहा वाजायला तीन मिनिटं होती.

"काका," जिना चढू लागलेल्या नियमकाकांना तिने हाक मारली. "मी हजर आहे. हजेरीपट खाली आणता का?"

नियमकाका तिसऱ्या पायरीवर थांबले. "हजेरीपट विभागाबाहेर नेता येत नाही, पोरी. नियम आहे."

"ठाऊक आहे. विचारून ठेवलं."

ते वर गेले. थोड्या वेळाने परत खाली आले, हातात काही नव्हतं. "साहेबांना विचारलं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा चढून गेले.

लेक तिथेच बसली. माणसं तिला वळसा घालून वर जात होती. कुणी ओळखीचं हसे, कुणी मान खाली घालून जाई. बाईंनी टेबल पुसलं, डोळे मिटले. आणि आज काय मागावं हे न सुचून तसेच उघडले. एक म्हातारा लेकीसमोर येऊन कागद धरून उभा राहिला. "अर्ज इथेच लिहून मिळतात ना, ताई?"

"शेजारी, आजोबा. मी इथे नोकरीला आहे."

"हो का? कोणत्या खात्यात?"

"अभिलेख. दुसरा मजला."

म्हाताऱ्याने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि बाईंच्या टेबलाकडे सरकला. बाईंनी त्याचा कागद हातात घेतला. अक्षरं दिसेनात, म्हणून चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

दुपारी लेकीने स्वतःचा डबा काढला आणि सुट्टी संपायच्या आत बंद केला. सव्वासहाला जिना वाजू लागला. लंबू सगळ्यात शेवटी आला, बाईंच्या टेबलाशी रेंगाळला आणि लेकीकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तुमच्यापुढे गैरहजर लागलंय. साहेबांनी स्वतः लिहिलं. काकांनी पेन दिलं नाही म्हणून दुसऱ्याचं घेतलं."

"सही कुठल्या रंगात केली?"

"हिरव्या. सहीला स्वतःचं पेन काढलं, अधिकाऱ्यांचं."

"बरं."

तिने ब्रेक सोडला. बाईंनी सवयीने मागून दांड्या धरायला हात नेले, आणि मग ते परत आपल्यापाशी घेतले. लेक स्वतःच चाकं ढकलत दाराकडे निघाली. उतारावर वेग वाढला तशी तिने एका हाताने चाक दाबून धरलं. बाई मागून चालत राहिल्या.